‘लर्निंग रेट नीट निवडा’ म्हणजे नेमकं काय निवडा? एका प्रतिक्रियेला उत्तर

> लेख वाचला. न्यूटनची पद्धत क्वाड्रॅटिकवर एका पावलात पोचते यात कसलं कौतुक? लर्निंग रेट नीट निवडला की ग्रेडियंट डिसेंटही तितकंच चालतं. आणि लाखो व्हेरिएबल असताना हेसियन कोण काढत बसतो? पुस्तकं वाचून लिहिण्यापेक्षा एकदा प्रत्यक्ष काम करून बघा.
> — एक वाचक, मडगाव

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते मला लागलं. मुद्दा पटला नाही तर खुशाल तसं लिहा, पण समोरच्यानं आयुष्यात काय काम केलंय हे न विचारता ठरवून मोकळं होणं ही कुठली रीत? फोंड्याला एका खाजगी सर्वे फर्ममध्ये मी कित्येक वर्षं मोजणीच्या आकड्यांचं अ‍ॅडजस्टमेंट करत होतो. टोटल स्टेशननं घेतलेली अंतरं एकमेकांशी कधीच तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी बिंदूची जागा काढायची असते. अंदाजे जागेच्या आसपास समीकरणं रेषीय करून घेतली की ही बेरीज क्वाड्रॅटिकच असते. तुम्ही ज्याचं कौतुक नको म्हणता, त्यावर आमचं पोट चालायचं.

मांडवीच्या काठाकाठानं केलेलं एक काम सांगतो. जागा अरुंद, त्यामुळे ज्यांच्यापासून अंतरं मोजायची ते सगळे पिलर जवळजवळ एकाच दिशेला आले. अशा वेळी अंतरं मोजून बिंदू त्या दिशेनं घट्ट बसतो आणि आडवा मात्र सैल राहतो. हिशेबात एका दिशेची वक्रता दुसरीच्या साधारण पंचवीसपट होती. सैल दिशेची १ धरली तर घट्ट दिशेची २५. आमच्यातल्या एकानं ग्रेडियंट डिसेंटचा लूप लिहिला, लर्निंग रेट ०.०१ ठेवला आणि पाऊल एक मिलिमीटरच्या आत आलं की थांबायचं, असा नियम घातला. लूप शहाण्यासारखा थांबला. मग त्याच बिंदूसाठी सुरुवात उलट्या बाजूनं केली, तर उत्तर सुमारे वीस सेंटिमीटर लांब आलं!

कारण साधं आहे. वक्रता १ असलेल्या दिशेत ०.०१ लर्निंग रेटचं पाऊल म्हणजे उरलेल्या चुकीचा शंभरावा भाग. पाऊल एक मिलिमीटर झालं तेव्हा चूक अजून दहा सेंटिमीटर होती, आणि ती दोन्ही बाजूंनी तितकीच. न्यूटनच्या पद्धतीत क्वाड्रॅटिकवर पाऊल हीच उरलेली चूक असते, म्हणून पाऊल लहान झालं की चूक लहान झाली असं म्हणता येतं. ग्रेडियंट डिसेंटमध्ये तसं म्हणता येत नाही. लागोपाठच्या दोन पावलांचं गुणोत्तर ०.९९ दिसलं तर ओळखावं की अजून शेवटच्या पावलाच्या शंभरेक पट अंतर बाकी आहे.

आता तुमचं ‘नीट निवडला की’. माझा खरा आक्षेप या तीन शब्दांवर आहे. लेखातलंच फलन घेऊ:

```
f = ½(x² + 25y²)
```

सुरुवात (२५, १) पासून. एका पावलात x ला (१ − लर्निंग रेट) नं गुणलं जातं आणि y ला (१ − २५ × लर्निंग रेट) नं. लर्निंग रेट १ घेतला तर x लगेच शून्य, पण y ला −२४ नं गुणलं जातं: १, −२४, ५७६, असं सुटतच जातं. ०.०४ घेतला तर y लगेच शून्य, पण x दर पावलाला जेमतेम चार टक्के सरकतो. ०.०८ किंवा त्याच्या वर गेलात तर y शमतच नाही. दोन्ही दिशांना बरा असा एकच आकडा म्हणजे २/(१+२५), म्हणजे १/१३, आणि त्यानंही दोन्ही दिशांतली चूक दर पावलाला फक्त १२/१३ होते. एक हजारांशावर यायला ८७ पावलं लागतात. दर पावलाला ग्रेडियंटच्या रेषेवरचं सर्वोत्तम अंतर शोधलंत तरी या सुरुवातीपासून नेमकं हेच १/१३ मिळतं, ताळा करून बघा. न्यूटनला एक पाऊल पुरतं.

आता यातली गंमत बघा. आधी ०.०४ आणि मग १ असे दोन वेगळे लर्निंग रेट वापरले तर ग्रेडियंट डिसेंट दोनच पावलांत शून्यावर पोचतं: (२५, १), (२४, ०), (०, ०). क्रम उलटा केला तरी दोनच पावलं, फक्त मध्ये f ची किंमत ३२५ वरून ७२०० वर उसळते. पण ०.०४ आणि १ आले कुठून? ते २५ आणि १ या वक्रतांचे व्यस्त आहेत. ‘नीट निवडणं’ म्हणजे वक्रता माहीत असणं. वक्रता मागच्या दारानं आत घ्यायची आणि पुढच्या दारात तिला नावं ठेवायची, हे मला मान्य नाही.

अक्षांची एककं बदलून घ्या, असंही काही जण सुचवतात. तेच फलन ४५ अंशांनी फिरवा:

```
f = ½(13x² + 24xy + 13y²)
```

वक्रता अजून २५ आणि १ च आहेत, पण हेसियनच्या कर्णावर दोन्हीकडे १३. वेगवेगळं मोजमाप लावायला काही उरलंच नाही. (३, १) वर उभे राहा. ग्रेडियंट (५१, ४९) येतो, म्हणजे जवळजवळ ४५ अंशांचा रोख, तर तळ आहे १८ अंशांच्या रेषेत. लर्निंग रेट पावलाची लांबी बदलतो, तोंड वळवत नाही. तोंड वळवतं ते हेसियन: 13a + 12b = 51 आणि 12a + 13b = 49 सोडवा, a = 3, b = 1 येतात. तेवढं मागे गेलात की तळ.

लाखो व्हेरिएबलबद्दल तुमचं बरोबर आहे, मान्य करतो. दहा लाख व्हेरिएबल असतील तर हेसियनमध्ये दहाच्या बाराव्या घाताइतक्या नोंदी होतात, त्या कुणी साठवत नाही. पण साठवाव्या लागतातच असं कुठंय? हेस्टेनेस आणि श्टीफेल यांची १९५२ सालची कॉन्ज्युगेट ग्रेडियंट पद्धत हेसियनला एका व्हेक्टरनं गुणून आलेलं उत्तर तेवढं मागते. वरच्या उदाहरणात ती दोन पावलांत पोचते, आणि वक्रता आधी माहीत नसताना. माझा लेख दोन व्हेरिएबलचा होता, हे त्याच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलंय. तो वाचला असता तर हा प्रश्न पडला नसता.

न्यूटनवर टीकाच करायची होती तर खरी जागा मी दाखवतो. `f = ½(x² − y²)` घ्या. इथे एका दिशेची वक्रता ऋण आहे. न्यूटन इथेही एका पावलात (०, ०) वर जाईल आणि ग्रेडियंट शून्य बघून थांबेल, पण तो तळ नाही, खोगीर आहे. y शून्य नसेल तर ग्रेडियंट डिसेंट तिथून दूर सरकत जातं. हेसियनच्या आयगेनव्हॅल्यूंची चिन्हं न बघता पाऊल टाकलं की हे होतं. तुमच्या प्रतिक्रियेत यातलं अवाक्षर नाही.

१३ आणि १२ चं ते उदाहरण एकाच स्थिर लर्निंग रेटनं सोडवा, सुरुवात (१३, −१२) पासून करा, आणि दोन्ही वक्रतांच्या दिशांतली चूक एक हजारांशावर यायला ८७ पेक्षा कमी पावलं लागली तर लर्निंग रेटसकट आकडे इथेच खाली टाका. मी ते तपासून उत्तर देईन. पुढच्या खेपेला मात्र माझ्या कामाबद्दल बोलण्याआधी मला विचारा.