आत्या जिवंत आहे, आणि हे सिद्ध करायचं तिनेच?

चार महिने झाले, आत्याची पेन्शन बंद आहे आणि आज माझं डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

आत्या 74 वर्षांची. इंदूरला रामबागेत दोन खोल्यांत राहते, जाऊबाईंसोबत. आयुष्यभर लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या, त्यामुळे नोकरीची पेन्शन नाही. बीपीएलमधली वृद्धापकाळाची पेन्शन आहे, महिन्याला 600 रुपये. यात केंद्राचे 200, बाकीचे मध्य प्रदेश सरकार घालतं. 80 ओलांडली की केंद्राचा वाटा 500 होतो. या 600 मध्ये तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या येतात, बस.

पेन्शन बंद झाली हे तिला कोणी सांगितलं नाही. कियोस्कवर पासबुक छापून घेतलं तेव्हा जूननंतर एकही नोंद नव्हती. तिला वाटलं, उशीर झाला असेल. जुलै गेला, ऑगस्ट गेला. सप्टेंबरात मी तिला झोन ऑफिसला घेऊन गेलो. खिडकीवरच्या माणसाने राज्याच्या कुटुंब नोंदणीतला तिचा नऊ आकडी समग्र आयडी टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "अम्माजी, आप तो मृत दिखा रही हैं."

ती त्याच्या समोर उभी होती! हातात पिशवी, पिशवीत आधार, पासबुक, समग्रचा कागद. आणि तो म्हणतो, जीवित असल्याचं लिहून आणा, पार्षदांचं, म्हणजे नगरसेवकांचं, पत्र आणा, दोन फोटो आणा, अर्ज द्या, मग बघू. मी विचारलं, मृत कोणी केलं? कधी? कोणत्या कागदावरून? उत्तर एकच, "सिस्टम से हुआ है."

सिस्टमने काही केलेलं नाही. मी एमपी ऑनलाइनच्या दुकानातून कुटुंबाचा समग्र कागद काढला आणि दोन मिनिटांत सगळं कळलं. कुटुंबाचा एक आठ आकडी क्रमांक असतो आणि त्याखाली प्रत्येकाचा नऊ आकडी. आत्याचे दीर एप्रिलमध्ये गेले. जाऊबाईंनी मृत्यूचा दाखला दिला, नाव कमी करायला सांगितलं. कोणीतरी दाखला समोर ठेवून भलत्याच ओळीवर नोंद केली. कागदावर दीर अजून जिवंत आहेत आणि आत्या मेली आहे. कोणाही माणसाने तो दाखला आणि तो कागद शेजारी शेजारी ठेवले असते तरी चूक दिसली असती. दाखल्यावर पुरुषाचं नाव आहे!

रेशनचंही तेच झालं. पात्रता पर्चीवर तिघे होते, माणशी 5 किलो, म्हणजे 15. आता दोघे आहेत आणि 10 किलो मिळतं. ते दोघे कोण? जाऊबाई आणि दीर. म्हणजे धान्य निघतंय गेलेल्या माणसाच्या नावाने, आणि जी जेवते तिचं नाव पर्चीवर नाही. जाऊबाई दर महिन्याला अंगठा लावताना घाबरतात, की उद्या कोणी आपल्यालाच चोर ठरवेल. यादीतली खोटी नावं काढायला निघालेल्या यंत्रणेने आमच्या घरात एक खोटं नाव स्वतः तयार केलंय.

खोटी नावं काढू नका असं मी म्हणत नाही. मेलेल्यांच्या नावाने पैसे उचलले जातात, हे खरं आहे. तपासा, जरूर तपासा. पण पैसे थांबवण्याआधी घरी एक कागद पाठवा: तुमचं नाव अमुक कारणाने कमी होतंय, काही सांगायचं असेल तर पंधरा दिवसांत सांगा, आणि तोपर्यंत पैसे चालू राहतील. एवढंच. हा कागद आला असता तर आत्याने दारातच उत्तर दिलं असतं.

यावर एकजण मला म्हणाले, "अरे, ती सरकारची मदत आहे, हक्क थोडाच आहे." हे ऐकून तर अंगाची आग होते. 1971 मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन ही सरकारच्या मर्जीची बक्षिसी नाही, तो हक्क आहे. तो खटला सरकारी नोकराचा होता, मान्य. मग पोळ्या लाटणारीचं काय? तिची पेन्शन कोणीही, कधीही, न विचारता बंद करावी? अमेरिकेत 1970 मध्ये गोल्डबर्ग विरुद्ध केली या खटल्यात नेमका हाच प्रश्न होता. न्यूयॉर्कमधल्या गरिबांची सरकारी मदत आधी बंद व्हायची आणि सुनावणी नंतर. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सुनावणी आधी. कारण ज्याचं पोटच त्या पैशावर आहे, तो ते थांबल्यावर जगायच्या धडपडीत अडकतो, दाद कुठून मागणार? आत्याला गोळ्या उसन्या आणताना मी रोज हेच बघतोय. आणि आपल्याकडे मनेका गांधींचा पासपोर्ट कारण न देता जप्त केला तेव्हा 1978 मध्ये न्यायालयाने ठरवलं की सरकारची कार्यपद्धती न्याय्य हवी, मनमानी नको. पासपोर्टला हे लागू आणि गोळ्यांच्या 600 रुपयांना नाही?

धान्याला निदान 2013 चा अन्न सुरक्षा कायदा आहे. त्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्या निर्णयावर राज्य अन्न आयोगाकडे अपील आहे, अधिकाऱ्याने सांगितलेला दिलासा न देणाऱ्या सरकारी माणसाला आयोग 5000 रुपयांपर्यंत दंड करू शकतो. वृद्धापकाळाच्या पेन्शनला असा स्वतःचा कायदाच नाही. 1995 पासून ती योजना म्हणून चालत आलीय. शिवाय अपील करायला आधी आदेश लागतो. आत्याला आदेश दिलेलाच नाही! तारीख नाही, सही नाही, कारण नाही. कशाविरुद्ध अपील करू?

181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार केली. तक्रार जाते कुठे? आधी एल-वन अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्या ऑफिसने चूक केली त्याच ऑफिसात. तिसऱ्या दिवशी तिथून फोन, "पहले शिकायत बंद करवा दीजिए, काम हो जाएगा." मी नाही म्हणालो. मग त्यांनी आत्याला फोन केला. ती बिचारी घाबरून हो म्हणाली. तक्रार बंद झाली, "समाधान" असं लिहून. पेन्शन अजून बंदच आहे.

चार महिन्यांचे 2400 रुपये. नाव पुन्हा जोडलं की पेन्शन पुढच्या महिन्यापासून सुरू होईल, असं खिडकीवरचा म्हणतो, मागचे नाही मिळणार. का नाही? त्या चार महिन्यांत ती मेली होती का?

माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारलंय: कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावरून, कोणाच्या लॉगिनने नोंद झाली. तीस दिवसांची मुदत आहे. मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते, तिथे आत्याला घेऊन जातोय. पार्षदांचं पत्र नेणार नाही. दिरांचा दाखला, समग्रचा कागद आणि आत्या, एवढंच नेणार. आणि लेखी आदेश मागणार, जुलैपासूनच्या पैशांसकट.