जपानमध्ये ‘नो पीनट’ आणि 112 पुरेसे नाहीत

“जपानला पहिल्यांदा जाताय? भाषेचं टेन्शन घेऊ नका. इंग्रजी सगळीकडे चालतं. रस्ता विचारायला ‘दोको देस का’ एवढं पाठ करा, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ‘नो पीनट’ म्हणा, आणि काही झालंच तर 112 फिरवा.”

जपानला निघालेल्याला असा सल्ला अनेकदा मिळतो. त्यातला इंग्रजीबद्दलचा दावा अर्धा खरा आहे. तोक्यो किंवा क्योतोमधील मोठी स्थानके, विमानतळ आणि हॉटेले येथे इंग्रजी फलक असतात आणि कामापुरते इंग्रजी बोलणारी माणसेही भेटतात. परंतु गल्लीतल्या लहान खानावळीत, जिथे मालक स्वतः स्वयंपाक करतो, किंवा रात्री उशिरा रस्त्यावर ही सोय गृहीत धरता येत नाही, आणि खरी अडचण नेमकी अशाच ठिकाणी येते.

रस्ता विचारण्याबाबत त्या सल्ल्यात मोठी उणीव आहे. ‘दोको देस का’, म्हणजे ‘कुठे आहे’, हा प्रश्न विचारणे सोपे असते. त्यावर जे भराभर उत्तर येते ते कळत नाही. शिवाय जपानमधील बहुतेक रस्त्यांना नावेच नसतात. पत्ता रस्त्यावरून नव्हे, तर वस्ती, तिच्यातला भाग आणि घराचा क्रमांक यांवरून ठरतो, त्यामुळे आपल्या सवयीने ‘अमुक रोड कुठे’ असे विचारून उपयोग होत नाही. जिथे जायचे आहे तिथला पत्ता जपानी लिपीत कागदावर लिहून ठेवावा, तो दाखवून “सुमिमासेन, कोको वा दोको देस का” (माफ करा, हे ठिकाण कुठे आहे) असे विचारावे, आणि मग हाताने दिशा दाखवत “कोचिरा देस का” (इकडे का) असा हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न करावा. उत्तरातले चार शब्द ओळखता आले की काम भागते: मिगी म्हणजे उजवीकडे, हिदारी म्हणजे डावीकडे, मास्सुगु म्हणजे सरळ आणि शिंगोऊ म्हणजे सिग्नल. शिंजुकूसारख्या अवाढव्य स्थानकात ठिकाणापेक्षा बाहेर पडण्याचा दरवाजा महत्त्वाचा असतो, म्हणून तिथे “देगुची वा दोचिरा देस का” (बाहेर जायचे दार कोणत्या बाजूला) असे विचारताना दाराचे नाव किंवा क्रमांक दाखवावा. जवळपास कोऊबान, म्हणजे पोलीस चौकी, असेल तर तिथेच जावे. वाट सांगणे हे तिथल्या पोलिसांचे रोजचे काम आहे आणि त्यांच्याकडे परिसराचा नकाशा असतो.

दाव्यातला सर्वांत घातक भाग ‘नो पीनट’ हा आहे. एक तर ‘शेंगदाणा नको’ हे वाक्य ऐकणाऱ्याला आवडीनिवडीचे वाटते. तो वर भुरभुरलेले दाणे काढून ठेवील, पण सॉस आणि तेल तेच राहील. म्हणून ‘आरेरुगी’ हा शब्द तोंडात असलाच पाहिजे. त्याचा उच्चार जपानीत असाच होतो आणि इंग्रजी वळणाचा ‘ॲलर्जी’ बहुतेकांना कळत नाही. वाक्य असे आहे: “वाताशी वा पीनात्त्सु आरेरुगी देस.” त्यापाठोपाठ पदार्थाकडे बोट दाखवून विचारावे: “कोरे नि पीनात्त्सु वा हाइत्ते इमास का”, म्हणजे यात शेंगदाणा आहे का. उत्तर ‘हाइत्ते इमास’ असेल तर आहे, ‘हाइत्ते इमासेन’ असेल तर नाही. शेवटच्या या ‘सेन’कडे कान द्यावा. प्रश्न नकारार्थी कधीही करू नये. “यात शेंगदाणा नाही ना?” याला आपण मराठीत “हो, नाही” म्हणतो तसेच जपानी माणूसही ‘हाइ’ म्हणतो, परंतु मोडक्या इंग्रजीत त्याचा नुसता ‘येस’ होतो आणि त्या एका शब्दाचे दोन्ही अर्थ निघू शकतात.

उत्तर स्पष्ट न येणे हेही उत्तरच आहे. वाढणारा ‘चोत्तो…’, म्हणजे ‘जरा…’, एवढेच म्हणून थांबला, किंवा ‘ताबुन’ (बहुधा) म्हणाला, तर तो पदार्थ खाऊ नये. ‘दाइजोऊबु’ म्हणजे ‘ठीक आहे’, पण कशाबद्दल ठीक, हे त्यातून कळत नाही. अशा वेळी “किच्चिन नि काकुनिन शिते कुदासाई” (स्वयंपाकघरात विचारून खात्री करा) असे म्हणावे. पाकीटबंद पदार्थांवर शेंगदाण्याचा उल्लेख करणे जपानी कायद्याने बंधनकारक आहे, परंतु उपाहारगृहातील ताटाला ते बंधन नाही, आणि म्हणूनच हे संभाषण टाळता येत नाही.

ओकिनावाचे उदाहरण घेऊ. नाहा शहरातील एखाद्या इझाकायात, म्हणजे मद्य आणि खाद्यपदार्थ मिळणाऱ्या जपानी खानावळीत, बसल्यावर मागितल्याशिवाय एक छोटी वाटी समोर येते. तिला ओतोऊशी म्हणतात आणि तिचे पैसे बिलात लागतात. त्या वाटीत मऊ, पांढरट, चकचकीत चौकोन असेल तर तो जिमामी-तोफू असण्याची शक्यता आहे. तो दिसतो तोफूसारखा, पण सोयाबीनपासून नव्हे तर शेंगदाण्याच्या दुधापासून आणि रताळ्याच्या स्टार्चपासून बनतो. ‘जिमामी’ हे ओकिनावातले शेंगदाण्याचे नाव असल्यामुळे ‘पीनात्त्सु’ हा शब्द मेनूत शोधून सापडणार नाही. तिळाचा गोमा-दोफू दिसायला जवळजवळ असाच असतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबता येत नाही. म्हणून बसताक्षणी, ऑर्डर देण्याआधीच, ॲलर्जीचे वाक्य सांगावे आणि ॲलर्जीची माहिती जपानीत लिहिलेले कार्ड दाखवावे. जपानी जाणणाऱ्याकडून लिहून घेतलेल्या या कार्डावर ‘पीनात्त्सु’, वेष्टनांवर आढळणारा ‘राक्कासेई’ आणि ओकिनावाला जाणार असाल तर ‘जिमामी’ हे तिन्ही शब्द असावेत. शिवाय तेल, सॉस आणि त्याच भांड्यात केलेले पदार्थही चालत नाहीत, हे त्यावर पूर्ण वाक्यात लिहिलेले असावे.

राहिला 112. तो भारतातला आणि युरोपातला क्रमांक आहे. जपानमध्ये पोलिसांसाठी 110 आणि आग किंवा रुग्णवाहिका यांसाठी 119 हे क्रमांक आहेत. 119 लागल्यावर पहिला प्रश्न येतो: “काजी देस का, क्यूउक्यूउ देस का”, म्हणजे आग की रुग्णवाहिका. “क्यूउक्यूउ देस” हे उत्तर पाठ असावे. त्यानंतर ठिकाण विचारतात. पत्ता सांगता येत नसेल तर जवळच्या दुकानाचे किंवा स्थानकाचे नाव सांगावे. अनेक ठिकाणच्या अग्निशमन दलांनी फोनवर दुभाषा जोडण्याची सोय केलेली आहे, म्हणून भाषा येत नाही या भीतीने फोन ठेवून देऊ नये. रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत. उपचारांचे मात्र लागतात.

एक गोष्ट निघण्यापूर्वीच तपासून पाहावी. प्रवाशांना मिळणारी अनेक सिम कार्डे आणि ई-सिम केवळ डेटाची असतात आणि त्यांवरून 110 किंवा 119 लागत नाही. अशा वेळी, आणि घसा सुजून बोलता येईनासे होऊ लागले असताना तर नक्कीच, स्वतः फोन करण्यापेक्षा जवळच्या माणसाला किंवा चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानातल्या कर्मचाऱ्याला “तासुकेते! क्यूउक्यूउशा ओ योन्दे कुदासाई” (मदत करा, रुग्णवाहिका बोलवा) असे सांगणे अधिक उपयोगी ठरते. त्याला पत्ता ठाऊक असतो आणि भाषा तर त्याचीच असते. त्याच श्वासात “आनाफिराकिशी देस”, म्हणजे ॲलर्जीचा जीवघेणा झटका आला आहे, असे म्हणावे आणि ॲलर्जीचे कार्ड हातात द्यावे. ॲड्रेनलिनचे पेन जवळ असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते आधी टोचून घ्यावे, फोनसाठी थांबू नये. जीवाला धोका नसलेल्या प्रसंगी, म्हणजे कोणत्या दवाखान्यात इंग्रजी बोलणारा डॉक्टर मिळेल यासारख्या प्रश्नांसाठी, जपानच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेची 050-3816-2787 ही चोवीस तासांची मदतवाहिनी इंग्रजीतून उत्तर देते.