कॅपचं सिमेंट, नस आणि रेझिनचा गाजावाजा

«जुनं झिंक फॉस्फेट सिमेंट ॲसिडचं असतं, त्याने दाताची नस मरते. ग्लास आयनोमर कच्चं. डॉक्टरकडे हट्टाने रेझिन सिमेंटच मागा, कॅप जन्मात सुटणार नाही आणि दात ठणकणारही नाही.»

आधी ॲसिडचं बघू. झिंक फॉस्फेटचं लिक्विड म्हणजे फॉस्फोरिक ॲसिडच, त्यामुळे कॅप बसवताना त्याचा पीएच २-३ च्या आसपास असतो हे खरं, पण तो चढत जातो आणि एकदोन दिवसांत जवळजवळ न्यूट्रल होतो, शिवाय मधलं डेंटिन, म्हणजे इनॅमल आणि नस यांच्यामधला दाताचा थर, स्वतःच ॲसिड बरंच शोषून घेतं. नसेवर दोनेक मिलिमीटर डेंटिन शिल्लक असेल तर तिला सहसा काही होत नाही. तेच अर्धा मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल तर कुठलंच सिमेंट सरळ लावू नये, त्या खोल जागेवर आधी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पातळ थर द्यावा. आणि मजा बघा, रेझिनच्या टोटल-एच पद्धतीत दातावर आधी जे जेल लावतात ते ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडच असतं! म्हणजे ॲसिड तेच, फक्त ट्यूब महागडी. त्या जेलने डेंटिनच्या बारीक नळ्या उघडतात, आणि नंतर बाँडिंगने त्या नीट बंद झाल्या नाहीत तर थंड पाण्याने जी कळ येते ती झिंक फॉस्फेटपेक्षा कमी नसते.

मग कॅपनंतर नस जाते कशाने? बहुतेकदा आधीच खोल कीड असते, किंवा पाणी कमी सोडून ड्रिल चालवल्याने दात तापतो, किंवा कडेच्या फटीतून जंतू आत जातात. आणि हो, ज्या दाताचं रूट कॅनल झालंय त्याची नस आधीच काढलेली असते, तिथे तर हा वादच निकालात निघतो.

ग्लास आयनोमर कच्चं म्हणणाऱ्यांनी ते वापरलंय का कोण जाणे. ते दाताच्या कॅल्शियमला रासायनिक रीतीने चिकटतं आणि थोडं फ्लोराइड सोडतं. त्याचं ॲसिड मोठ्या साखळीचं, नळ्यांत फारसं शिरत नाही. सुरुवातीच्या काळात त्याच्याबद्दल ठणक्याच्या तक्रारी आल्या होत्या, पण झिंक फॉस्फेटशी तुलना करणाऱ्या क्लिनिकल चाचण्यांत फारसा फरक दिसला नाही. तक्रारीमागे बऱ्याचदा पातळ मिक्स किंवा हवेने कोरडाठाक केलेला दात असतो. सेट होईपर्यंत त्याला लाळ लागू द्यायची नाही, हाच काय तो खरा नखरा.

आता सुटण्याचं. झिंक फॉस्फेट दाताला चिकटत नाही, खडबडीत जागेत अडकून बसतं, म्हणून दात उंच आणि भिंती जवळपास समांतर असतील तर वर्षानुवर्षं टिकतं. आपल्या गोव्यात त्याचा एक वेगळा त्रास आहे, तो म्हणजे जून-जुलैत सिमेंट घोटायच्या थंड केलेल्या काचेवर दव धरतं, ते पाणी मिक्समध्ये गेलं की सिमेंट लवकर आवळतं आणि कॅप पूर्ण खाली बसायच्या आधीच घट्ट होतं. काच पुसून घ्यायची, पावडर थोडी थोडी घालत काचभर पसरून घोटायची.

रेझिनची खरी गरज कुठे, तर समजा डिचोलीच्या एका काकीचा खालचा दुसरा दाढ आहे, नस जिवंत, घासल्यावर उंची जेमतेम ३ मिलिमीटर आणि भिंती वर जाताना बऱ्याच निमुळत्या. दाढेला निदान ४ मिलिमीटर उंची हवी असते, इथे झिंक फॉस्फेट लावून चिकट पेढा खाल्ला की कॅप हातात. अशा वेळी मी आधी पुढच्या-मागच्या भिंतीत खाचा घेईन आणि मग सेल्फ-ॲढेसिव्ह रेझिन, म्हणजे वेगळं ॲसिड जेल नको, दात किंचित ओलसर ठेवायचा. तात्पुरती कॅप युजेनॉल नसलेल्या सिमेंटने लावायची, कारण लवंगतेलातलं ते युजेनॉल रेझिन नीट कडक होऊ देत नाही. कॅप मेटलची किंवा झिरकोनियाची असेल तर आतून सँडब्लास्ट करायची. आणि कड हिरडीच्या खोल खाली असेल, रक्त-लाळ थांबत नसेल, तर रेझिनचा हट्ट सोडून रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयनोमरच बरं, ते साध्या ग्लास आयनोमरइतकं लाळेला नाजूक नसतं, आणि रक्त-लाळेने भिजलेल्या जागेत रेझिनचं बाँडिंग नीट होत नाही.

रेझिनची कॅपही सुटते. सुटली तर डॉक्टरला दाखवताना आतून खरवडून साफ करू नका. सिमेंट सगळं दातावर आणि कॅप आतून चकचकीत असेल तर कॅपची तयारी कमी पडली, सगळं कॅपमध्ये अडकलं असेल तर दाताकडची बाजू.

कॅपनंतर थंडाने क्षणभर झणझणून लगेच थांबत असेल तर सहसा काही आठवड्यांत कमी होतं, चावताना दुखलं तर आधी कॅप उंच लागतेय का ते बघायला सांगा. पण गरम चहाने ठणका सुरू होऊन बराच वेळ टिकला, रात्री आपोआप दुखायला लागलं, तर नस सुजलीय, मग सिमेंट बदलून उपयोग नाही, एक्स-रे काढा.