रात्रीच्या विमानाने 'वाचलेली' हॉटेलची रात्र

"रात्रीचं विमान घ्या. तिकीट स्वस्त, हॉटेलची एक रात्र वाचते, शिवाय अख्खा दिवस हातात राहतो." ट्रिप ठरायला लागली की ग्रुपमध्ये कुणीतरी हे टाकतंच, आणि बाकीचे लगेच अंगठे दाखवून मोकळे होतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ही रात्र बहुतेक वेळा वाचत नाही. तिचं बिल दुसऱ्या दिवशी सकाळी येतं. खरोखर वाचते ती एका ठराविक परिस्थितीत, आणि त्या परिस्थितीबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

हिशोब मांडूनच बघू. पाच तासांचं उड्डाण आहे, जायचं पूर्वेला आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा तीन तास पुढे. रात्री अकराला निघालात की तिथल्या सकाळी सातला पोचता. पैशांसाठी हॉटेलची एक रात्र म्हणजे १०० धरा, चलन कुठलंही असो. दिवसाचं तिकीट ३००, रात्रीचं २६०. म्हणजे तिकिटात ४० आणि हॉटेलचे १००, मिळून १४० वाचले. कागदावर उत्तम.

आता सातला उतरलात. बॅगा घेऊन, शहर गाठून साडेआठला हॉटेलच्या काउंटरवर उभे. खोली मिळते दुपारी दोन-तीनला, कारण आदल्या रात्रीचा पाहुणा अकरा-बाराला जाणार, मग साफसफाई होणार. काउंटरवरचा माणूस गोड हसून सांगतो, बॅगा ठेवून जा. पुढचे सहा तास लॉबीतल्या सोफ्यावर किंवा कुठल्यातरी कॅफेत मान टाकत काढायचे. नको असेल तर लवकर चेक-इनचे पैसे भरा. कुठे ते फुकट होतं, कुठे अर्ध्या रात्रीचं भाडं घेतात, आणि तेही खोली रिकामी असेल तरच. अर्धं भाडं धरलं तर १४० चे ९० झाले. खोली हमखास हवी असेल तर आदल्या रात्रीपासूनच बुकिंग करावं लागतं, म्हणजे पूर्ण १००. मग उरले ४०. आणि रात्री अकराच्या विमानासाठी घरून निघताना किंवा पहाटेचं विमान असेल तर उतरल्यावर, बस-ट्रेन नाही म्हणून टॅक्सी केलीत तर त्यातूनही काही गेले. जी रात्र वाचवायला हा सगळा उपद्व्याप केला, तीच विकत घेऊन झोपलो आपण.

"पण विमानात झोपतोच की!" किती? पाच तासांपैकी पहिला पाऊण तास टेक-ऑफ, घोषणा आणि ट्रॉलीत जातो. उतरण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी दिवे लागतात, सीट सरळ करा, खिडकीचा पडदा वर करा. मधले साडेतीन तास राहिले. तेही बसून, आठ हजार फुटांच्या डोंगरावर असते तितक्या विरळ हवेत, शेजाऱ्याचं कोपर बरगडीत घेऊन. अडीच तास डोळा लागला तर नशीब म्हणायचं. त्यातून सातला उतरताना तुमच्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे चार वाजलेले असतात. शरीराचं तापमान आणि सावधपणा दिवसभरात सगळ्यात खाली असतो ती साधारण हीच वेळ. आदल्या सकाळी सातला उठला असाल तर एकवीस तासांत जेमतेम ती अडीच तासांची डुलकी. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं की सलग सतरा तास जागं राहिलं की हात-डोळ्यांचा मेळ जवळजवळ ०.०५ टक्के रक्त-अल्कोहोलइतका बिघडतो. म्हणून उतरल्या उतरल्या भाड्याची गाडी चालवत पुढे जायचा बेत करणाऱ्यांशी मी सरळ भांडतो. पैशांचा वाद नंतर.

इथे एक गंमत आहे. लोकांना वाटतं, छोटा विमानप्रवास म्हणजे कमी त्रास. रात्रीच्या बाबतीत उलटं आहे. दहा-अकरा तासांच्या प्रवासात दोन्ही टोकांचे दोन तास सोडले तरी आठ-नऊ उरतात, त्यात पाच-सहा तास झोप होऊ शकते. चार-पाच तासांच्या प्रवासात रात्र मोडते पण झोप मिळत नाही. लांबच्या प्रवासाला रात्रीचं विमान मी बिनतक्रार घेतो. नाहीतरी अशा कित्येक मार्गांवर दिवसाचा पर्याय क्वचितच असतो. न्यूयॉर्कहून लंडनला जाणारी बहुतेक विमानं संध्याकाळी-रात्री सुटून सकाळी पोचतात. सकाळी निघून रात्री पोचणारी अगदी मोजकी.

दिवसाच्या विमानाची बाजूही काही फार उजळ नाही, हे मान्य. आपल्याच उदाहरणात सकाळी दहाला निघालात तर तिथे संध्याकाळचे सहा. अख्खा दिवस गेला. रात्रीवाला दुपारी एकपर्यंत झोपला तरी त्याला निदान अर्धा दिवस मिळालाच. तो अर्धा दिवस भटकण्यासाठी हवा असेल तर ठीक. दहा वाजता मीटिंग असेल तर मात्र दिवसाचं विमान आणि हॉटेलची रात्र हाच स्वस्त सौदा, भले बिल जास्त येवो.

आता ती ठराविक परिस्थिती. घर पूर्वेला असेल आणि परतताना रात्रीचं विमान घेतलं, तर बचत खरी असते. अकराला खोली सोडा, बॅगा हॉटेलच्या सामानाच्या खोलीत ठेवा, दिवसभर हिंडा, रात्री विमानात बसा. सकाळी सातला उतरलात की घरी स्वतःचा पलंग आहे, त्याला चेक-इनची वेळ नाही. हॉटेलचे १०० आणि तिकिटातले ४० तसेच्या तसे खिशात. अट एकच, त्या दिवशी कामावर जायचं नाही. रविवारी रात्री निघून सोमवारी थेट ऑफिस गाठणाऱ्यांनी सोमवारचा हिशोब स्वतःच करावा.

घर पश्चिमेला असेल तर परतताना हा प्रश्नच बदलतो. तेच पाच तास, पण घड्याळ तीन तास मागे जातं. रात्री अकराला निघालात तर घरच्या घड्याळात रात्री एकला उतरता, दारात टॅक्सी त्याहून उशिरा. त्यापेक्षा संध्याकाळी सातचं पकडा, नऊला उतरा आणि आपल्या बिछान्यात झोपा. दिवसही मिळाला, रात्रही.

सगळ्यात फसवं विमान मध्यरात्रीनंतर दोन-तीनला सुटणारं. ते दोन्ही रात्री खातं. हॉटेल अकराला सोडलंत तर पंधरा तास रस्त्यावर. खोली ठेवलीत तर तिचं भाडं भरून अर्धवट झोपेत बाराला उठायचं. वर तारखेचा घोळ. तिकिटावर १५ तारीख, वेळ ०२:४०, म्हणजे विमानतळावर १४ च्या रात्री पोचायचं असतं. १५ च्या रात्री आरामात बॅग भरणारे दरवर्षी कुणी ना कुणी भेटतात.

आणि जाताना रात्रीचंच घ्यावं लागलं, तर बुकिंग झाल्यावर हॉटेलला उतरण्याची वेळ कळवून ठेवा आणि आदल्या दिवशी फोन करून विचारा, आज रात्री किती खोल्या रिकाम्या आहेत. आदल्या रात्री हॉटेल भरलेलं नसेल तर सकाळी नऊला खोली मिळायची शक्यता चांगली असते. भरलेलं असेल तर निघण्याआधीच कळतं, आणि विमानतळावरच अंघोळीची सोय आहे का ते शोधायला वेळ मिळतो.