पिवळ्या चिकाचं काय?

‘कोरफडीचा रस रोज उपाशीपोटी घ्या, अपाय काहीच नाही,’ असं कोरफडीवरच्या लेखात म्हटलंय.

पण गर आणि चीक यांत त्यात फरकच केलेला नाही! सालीखालचा पिवळा, कडूजहर चीक सुकवला की काळा बोळ होतो. त्यातलं अ‍ॅलोइन मोठ्या आतड्याला चाळवतं, म्हणून पोट साफ होतं. अख्खं पान मिक्सरला लावलं की हा चीक रसात उतरतोच. आमच्या सासूबाई बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात, त्यात हा रस कित्येक महिने चालू होता. पायांत गोळे यायला लागले, तपासलं तर पोटॅशियम कमी. गोळीनेही जातं आणि जुलाबातूनही, असं डॉक्टर म्हणाले. अमेरिकेत २००२ सालीच एफडीएने चिठ्ठीविना मिळणाऱ्या रेचकांतून कोरफड काढायला लावली. गरच हवा असेल तर पान कापून उभं ठेवा, चीक निथळू द्या, सोललेला गर धुवा. तरीही कडू लागला तर टाकून द्या.