गोळी लागू पडली म्हणे!

आज विश्रामबागला एका मेडिकलमध्ये उभा होतो. शेजारी एक बाई, कडेला सात-आठ वर्षांचं पोरगं, तापानं मलूल, खोकतंय आणि डोळे लालभडक. बाई म्हणाल्या, "परवाच्या त्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या परत द्या, ताप उतरंना." आणि त्यानं दिल्या की! चिठ्ठी नाही, काही नाही. डोक्यात तिडीक गेली, पण गप्प बसलो. आता इथं ओकतोय.

दोन वर्षांमागं मे महिन्यात भाचा सुट्टीला आलेला, रोज टँकवर पोहायला. आठवड्याभरात ताप १०३, घशातनं पाणी उतरंना, एक डोळा गुंजेसारखा लाल. टॉर्च मारून बघितलं तर टॉन्सिलवर पांढरे ठिपके. रक्त तपासलं, सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, वाढलेला. मग काय, अँटिबायोटिक. दोन दिवसांनी दुसरं. ताई रडकुंडीला आली.

पाचव्या दिवशी दुसऱ्या, म्हाताऱ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पहिलंच विचारलं, "पोहायला जातो का रे?" ताप, घसा आणि लाल डोळा, तिन्ही एकदम म्हणजे बहुतेक ॲडिनोव्हायरस. टँकात क्लोरीन कमी पडलं की पोरांत पसरतो. नेहमीच्या सर्दीत सीआरपी एवढा चढत नाही, पण ह्यात चढतो, पांढरे ठिपकेही येतात, म्हणून जिवाणूच वाटतो आणि अँटिबायोटिक सुरू होतं. पण विषाणूवर ते चालतच नाही, म्हणून त्यांनी ते बंद केलं. सहाव्या दिवशी ताप आपोआप उतरला.

आता बघा, त्या दिवशी तिसरं अँटिबायोटिक चालू असतं तर आम्ही गावभर सांगितलं असतं, तिसरी गोळी लागू पडली म्हणून!

बरं, मान्य, स्ट्रेप जिवाणूनं घसा धरला तर अँटिबायोटिक लागतं, आणि नुसत्या डोळ्यानं ओळखणं डॉक्टरलाही अवघड. पण त्यात सहसा खोकला नसतो, डोळे लाल नसतात. एवढं तरी बघा की राव.

आमचीही चूक सांगतो. घरात सॅनिटायझरची बाटली फिरत होती, तरी मला आणि आईला लागलाच. आईनं घाबरून विचारलं, "कोरोना नाही ना ओ?" डॉक्टर हसले, म्हणाले, आजी, साध्या सर्दीचे कोरोना चार आहेत, तुम्हाला आयुष्यात कितीदा होऊन गेले असतील, एकदा झाला म्हणून परत होत नाही असं नसतं. आणि गंमत म्हणजे त्या कोरोनावर सॅनिटायझर चालतं. त्याच्यावर चरबीचं आवरण असतं, अल्कोहोल ते फोडतं. ॲडिनोला आवरणच नाही, तो सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही, वस्तूंवर कित्येक दिवस तग धरतो, आणि पोरगं बरं झाल्यावरही काही आठवडे शौचातनं पडत राहतो. म्हणजे साबण, भरपूर पाणी आणि प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. आमच्या घरात टॉवेल एकच होता.

राग त्या बाईवर नाही ओ, तिला कोण सांगणार. पण निघताना पोरानं तिच्या ओढणीनं डोळा पुसला, आणि तिनं त्याच ओढणीनं स्वतःचं तोंड. तेवढं तरी बोलायला पाहिजे होतं मी.