तक्रारीची तारीख कोणती धरायची?

"एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून १०,००० गेले. मॅनेजर 'बघतो' म्हणतात. थेट लोकपालांकडे जाऊ का?"

ताई, आत्ताच नको. बँकेकडे लेखी तक्रार न करता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे गेलात, तर अर्ज तिथेच फेटाळला जातो. मॅनेजरांशी झालेलं तोंडी बोलणं तक्रार म्हणून मोजत नाहीत. माझ्या वडिलांचे तीन आठवडे असेच वाया गेले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आजच शाखेत अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्का-तारीख घ्या, किंवा बँकेच्या साइटवर नोंदवून तक्रार क्रमांक जपा. लोकपालांकडे जाण्याआधी बँकेला द्यायचे ३० दिवस तिथून मोजायचे. आठवड्याभरात हालचाल दिसली नाही, तर तोच क्रमांक घालून बँकेत तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल करा. त्यांचं नाव-पत्ता शाखेत लावलेला असतो. अनेकजण इथे नवीन तक्रार लिहितात, मग पहिली तारीख मागे पडते.

अर्जात भरपाईही मागा. एटीएमचे असे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत परत यायला हवेत. पुढे दिवसाला १०० रुपये. व्यवहार ३ जूनचा असेल आणि पैसे २८ जूनला आले, तर ८ जूननंतरचे २० दिवस, म्हणजे २,००० रुपये वेगळे. वडिलांना मुद्दल मिळाली, भरपाई मात्र मागितल्यावरच आली.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालांकडे अर्ज करा. शुल्क नाही, वकील लागत नाही. शिक्क्याची प्रत तेवढी जोडा.